मदत हवी आहे : वडिलांना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा कशा लिहाव्यात?

येत्या रविवारी माझ्या वडिलांना 75 वर्षे पूर्ण होत आहेत. ते बदलीच्या नोकरीमुळे वर्षानुवर्षे बाहेरगावी असत. आमच्यात भांडण असे कधी झाले नाही, पण आजही फोनवर तब्येत आणि पाऊस यांपलीकडे बोलणे जात नाही. त्यामुळे ‘तुम्हीच माझे आदर्श, माझा आधार’ असे लिहिले तर ते खोटे ठरेल आणि त्यांनाही ते जाणवेल; नुसते ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ लिहिले तर ते कार्यालयीन पत्रासारखे कोरडे वाटेल.

बराच विचार केल्यावर, भावनेऐवजी एखादी घडलेली गोष्टच लिहावी, असे मला वाटू लागले आहे. सध्याचा मसुदा असा आहे :

‘ती. बाबांस, सा. न. जूनमध्ये तुम्ही रजेवर आलात की माझ्या पुस्तकांना तपकिरी कागदाची कव्हरे घालत असा आणि कोपरे नखाने दाबून बसवत असा. ती वर्षभर सुटत नसत. हे मला आठवते. आपले बोलणे फार झाले नाही, तरी तुमची प्रकृती चांगली राहावी, असे मला मनापासून वाटते.’

‘ती.’ आणि ‘सा. न.’ मुद्दाम ठेवले आहे, कारण त्यात आदर येतो आणि जवळिकीचा दावा करावा लागत नाही. अडचण आहे ती ‘आपले बोलणे फार झाले नाही’ या शब्दांची. ते गाळले तर पत्र अर्धवट वाटते, ठेवले तर ऐन वाढदिवशी तक्रार केल्यासारखे होईल का? ज्यांनी असे पत्र लिहिले आहे किंवा ज्यांना ते आले आहे, त्यांनी कृपया सांगावे.