शब्दचर्चा: ‘एचडीआर१०’मधले १० आणि ‘डिस्प्लेएचडीआर ४००’मधले ४००

रानवारा:
लेकीसाठी गेमिंग मॉनिटर बघतो आहे. दोन मॉनिटर आवडले. एकाच्या खोक्यावर ‘एचडीआर१०’ असं लिहिलंय, दुसऱ्यावर ‘डिस्प्लेएचडीआर ४००’. दुकानदार म्हणाला की ४००वाला वरच्या दर्जाचा. एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, एवढं माहीत आहे. पण हे १० आणि ४०० एकाच मापातले आकडे आहेत का? आणि या शब्दांमुळे चित्रात खरंच काही फरक पडतो का?

माळरान:
फोनच्या कॅमेऱ्यात एचडीआर असतं ना, तेच. कमीजास्त उजेडाचे दोन-तीन फोटो काढून एकत्र करतात, म्हणजे आभाळ पांढरं पडत नाही आणि सावलीतला चेहराही दिसतो. मॉनिटरमध्येही तसंच काहीतरी करत असणार.

सह्यभटक्या:
माळरान, ते फोटो काढण्याचं तंत्र झालं. पडद्याचं एचडीआर वेगळं.
रानवारा, मापं दोन आहेत. १० म्हणजे दहा बिट. आठ बिटांत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मिळतात, दहा बिटांत १०२४. ४०० म्हणजे उजेड, निट्समध्ये मोजलेला. साधे मॉनिटर २५०-३०० निट्सचे असतात, म्हणून ४००ला एचडीआर म्हणतात. मॉनिटरवर दोन्ही लिहिलेलं असेल तर काम झालं. उजेड जास्त, छटा जास्त, बिनधास्त घ्या.

निळीशाई:
सह्यभटक्या, आकड्यांचे अर्थ बरोबर सांगितलेत, निष्कर्ष मात्र पटला नाही. मी कलर ग्रेडिंगचं काम करते, रोज याच मापांशी गाठ असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘एचडीआर१०’ हे सिग्नलचं नाव आहे. साध्या व्हिडिओत प्रत्येक बिंदू किती उजळ हवा हे सापेक्ष असतं. पडद्याचा ब्राइटनेस वाढवला की सगळं चित्रच उजळतं. एचडीआर१०मध्ये प्रत्येक बिंदूला थेट निट्समधली किंमत दिलेली असते आणि ती १०,००० निट्सपर्यंत जाऊ शकते. खोक्यावर हे नाव असलं की एवढंच कळतं की मॉनिटरला तो सिग्नल वाचता येतो. वाचलेलं दाखवण्याची ताकद किती आहे, हे त्यातून कळत नाही. २५० निट्सच्या टीव्हीवरही हा शिक्का असतो आणि तो खोटा नसतो. हा खुला मानक आहे, हे नाव लावण्यासाठी पडदा कुणाकडून तपासून घ्यावा लागत नाही.

‘डिस्प्लेएचडीआर’ ही मात्र तपासणी आहे. ‘व्हेसा’ या संस्थेने ती डिसेंबर २०१७मध्ये सुरू केली. तिच्यात ४००, ६००, १००० अशा पायऱ्या आहेत आणि आकडा कमाल उजेडाचा आहे. तेव्हा रानवारा, तुमचे दोन शिक्के एकमेकांशी ताडून बघता येणार नाहीत. एक भाषा कळते असं सांगतो, दुसरा आवाज किती मोठा आहे ते सांगतो. आणखी एक बघा. नुसतं ‘एचडीआर ४००’ लिहिलं असेल आणि त्याच्या आधी ‘डिस्प्ले’ नसेल, तर ती तपासणी झालेली असेलच असं नाही. `displayhdr.org` वर तपासलेल्या मॉडेलांची यादी आहे, तिथे शोधा.

सह्यभटक्या:
पण मग तपासलेला ४००वाला घ्यायला काय हरकत? उजेड तर मिळतोच.

निळीशाई:
उजेड मिळतो, काळोख मिळत नाही. रेंज म्हणजे या दोन टोकांमधलं अंतर.

एक दृश्य घ्या. गेममध्ये रात्रीची गल्ली आहे, कोपऱ्यात एक दिवा. सिग्नल सांगतो की दिवा १००० निट्स आणि सावलीतली भिंत ०.०५ निट्स. मॉनिटर आयपीएस पॅनेलचा, ४०० निट्सचा. अशा पॅनेलचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० : १ असतो, म्हणजे मागचा दिवा पूर्ण लावला असताना काळ्या बिंदूतून हजारावा भाग उजेड झिरपतोच. कोपऱ्यातला दिवा दाखवण्यासाठी बॅकलाइट पूर्ण लावावा लागतो. मग पडद्यावरचा सगळ्यात काळा बिंदू ४०० भागिले १०००, म्हणजे ०.४ निट्स. भिंत हवी त्याच्या आठपट उजळ झाली. ०.०५ ते ०.४ यांच्यामध्ये जे काही होतं, विटांच्या फटी, अंगावर येणारा शत्रू, ते सगळं एकाच राखाडी रंगात मिसळलं.

आता त्याच मॉनिटरवर एचडीआर बंद करा आणि ब्राइटनेस रात्रीच्या सवयीने १२० निट्सवर ठेवा. काळा येतो ०.१२वर. म्हणजे एचडीआर लावल्यावर काळा तिपटीहून उजळ होतो. ‘एचडीआर लावलं की चित्र धुरकट दिसतं’ या तक्रारीचं हे एक मोठं कारण आहे. सुरुवातीच्या तपासणीत ४००च्या पायरीला काळ्याची मर्यादा ०.४ निट्स एवढी सैल होती, ६००ला ०.१ आणि १०००ला ०.०५. २०२४मध्ये व्हेसाने ४००च्या अटी कडक केल्या, रंगांचा पल्लाही वाढवायला लावला, पण दुकानात जुन्या अटींनी पास झालेले मॉनिटरही भेटतील.

रानवारा:
हे फार उपयोगी पडलं. मग बॅकलाइट तुकड्यातुकड्यांत कमीजास्त करता येतो ना? ‘लोकल डिमिंग’ हा शब्द वाचला होता.

निळीशाई:
करता येतो, पण तुकडे किती हे महत्त्वाचं. ६००च्या पायरीतले अनेक मॉनिटर कडेने दिवे लावलेले असतात, त्यात आठ-सोळा उभे पट्टे असतात. गल्लीतला दिवा लागला की त्याच्या वरचा-खालचा अख्खा पट्टा उजळतो. पॅनेलच्या मागे दिव्यांची जाळी असलेल्या मिनी-एलईडीत हेच तुकडे शेकडोंच्या घरात जातात. ११५२ तुकड्यांचा मॉनिटर धरा. फोर-के पडद्यावर एकेका तुकड्याच्या वाट्याला तरीही सुमारे ७२०० बिंदू येतात. म्हणून दिव्याभोवती प्रभा दिसते, पण गल्ली काळी राहते. ओलेडमध्ये प्रत्येक बिंदू स्वतःच विझतो. त्यांच्यासाठी व्हेसाची ‘ट्रू ब्लॅक’ अशी वेगळी तपासणी आहे, तिथे काळ्याची मर्यादा ०.०००५ निट्स. म्हणून ‘ट्रू ब्लॅक ४००’ आणि साधा ‘४००’ या दोन शिक्क्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आकडा एकच असला तरी.

दुकानात हे डोळ्यांनी तपासता येतं. एचडीआर चालू करा, पडदाभर काळं चित्र लावा आणि माउसचा पांढरा बाण फिरवा. पडदा सगळीकडे सारखाच राखाडी राहिला तर लोकल डिमिंग नाही. बाणाबरोबर उभा पट्टा सरकला तर कडेचे दिवे. बाणाभोवती छोटं वलय फिरलं तर मिनी-एलईडी. वलयच नसेल तर ओलेड. दुकानातले दिवे थोडे कमी करायला सांगा, नाहीतर राखाडी कळणार नाही.

शेवंती:
माझा प्रश्न टीव्हीचा आहे, चालेल ना? हॉलमध्ये फोर-के टीव्ही आहे, त्यावर डॉल्बी व्हिजन येतं. दुपारी सिनेमा लावला की इतका अंधारा दिसतो की सासूबाई ‘कोण बोलतंय ते तरी दिसू दे’ म्हणतात. तोच सिनेमा जुन्या टीव्हीवर उजळ दिसतो. एचडीआर जास्त उजळ असायला हवं ना?

निळीशाई:
शेवंतीताई, हा गैरसमज खूप पसरलेला आहे. एचडीआरमध्ये सगळं चित्र उजळ नसतं. आम्ही ग्रेड करतो तेव्हा माणसाचा चेहरा बहुतेक वेळा शंभर निट्सच्या खालीच असतो. हजाराच्या जवळ जातो तो सूर्य, दागिन्यावरची चमक, आग. साधा सिनेमा १०० निट्सच्या पडद्यासाठी बनवतात, पण तुमचा जुना टीव्ही ३०० निट्सवर लावलेला असेल तर चेहऱ्यासकट सगळंच तिप्पट उजळतं. एचडीआरमध्ये किंमत थेट निट्समध्ये असल्यामुळे नवा टीव्ही चेहरा ठरल्याइतकाच दाखवतो. अंधाऱ्या खोलीत ते सुंदर दिसतं. खिडकीतून दुपारचं ऊन येत असेल तर तो चेहरा दिसणं कठीण.
डॉल्बी व्हिजनचे बहुधा दोन मोड असतात, एक अंधाऱ्या खोलीसाठी आणि एक उजेडातला. दुपारी उजेडातला लावा. तरी जमलं नाही तर पडदे ओढा, किंवा दुपारी एचडीआर बंद ठेवून बघा. त्यात कमीपणा काही नाही.

गच्चीवरचा:
माझ्याकडे ओलेड मॉनिटर आहे. एक गोष्ट राहिली. गेमच्या सेटिंगमध्ये ‘पीक ब्राइटनेस’ असतो, तो अनेक गेममध्ये आपोआप १०००वर येतो. मॉनिटर ४५०चा असेल तर ढगांच्या कडा, आगीतल्या छटा सगळ्या एकसारख्या पांढऱ्या होतात, आणि माणूस मॉनिटरला दोष देतो. विंडोजसाठी Windows HDR Calibration नावाचं मोफत अॅप आहे. त्यात पट्टी सरकवत जायचं, चौकोनातली नक्षी दिसेनाशी होईल तिथे थांबायचं. ते एकदा करा. कन्सोल टीव्हीला जोडला असेल तर टीव्हीत ‘एचजीआयजी’ मोड आहे का बघा. तो लावला की उजेडाचं गणित गेम करतो, टीव्ही त्यात पुन्हा हात घालत नाही.

निळीशाई, ओलेडबद्दल माझा एक अनुभव सांगतो. माझ्यात ‘ट्रू ब्लॅक ४००’ आणि ‘पीक १०००’ असे दोन मोड आहेत. १०००मध्ये रात्रीचे तारे लखलखतात, पण बर्फाचं मैदान आलं की सगळा पडदा मंदावतो. मी ४००वरच खेळतो.

निळीशाई:
तो मंदावतो कारण ओलेड १०००चा उजेड पडद्याच्या दोन-तीन टक्के भागावरच देऊ शकतो. पडदाभर पांढरं आलं की तो अडीचशेच्या आसपास उतरतो, मोड कुठलाही असो. पण १०००च्या मोडमध्ये काही मॉनिटर मधल्या उजेडाची दृश्यंही गरजेपेक्षा खाली ओढतात. मी तरी १०००वर ठेवेन, कारण मला तारे आणि दिवे हवे असतात. बर्फ, वाळवंट, दिवसाचे शर्यतीचे गेम जास्त खेळत असाल तर तुमचं बरोबर.

सह्यभटक्या:
माझा मॉनिटर साधा ४००वाला आहे. आत्ता काळं चित्र लावून बाण फिरवला, पडदा सगळीकडे सारखाच राखाडी. गेमपुरतं एचडीआर लावावं की बंदच ठेवावं?

निळीशाई:
दिवसाच्या दृश्यांचा गेम असेल तर लावून बघा. रंग दाट वाटतील, कारण तिथे काळ्याची गरज फारशी नसते. भुताचा, रात्रीचा गेम असेल तर बंद. विंडोजमध्ये `Win + Alt + B` दाबलं की एचडीआर चालू-बंद होतं, तेव्हा एकाच दृश्यावर दोन्ही ताडून बघणं सोपं आहे.

गच्चीवरचा:
मी तर म्हणेन साध्या ४००वर कधीच लावू नका. दिवसाच्या गेममध्येही झाडाखालची सावली असतेच.

रानवारा:
लेक नेमके भुताचेच गेम खेळते. म्हणजे माझ्या यादीतले दोन्ही मॉनिटर एचडीआरसाठी घ्यायचे नाहीत, साधे मॉनिटर म्हणूनच त्यांची किंमत करायची, असं मी समजतो. शनिवारी दुकानात काळं चित्र पेन ड्राइव्हवर घेऊन जातो. मिनी-एलईडी बजेटमध्ये बसला तर मॉडेल इथे टाकीन, तुकडे किती आहेत ते कुठे लिहिलेलं असतं तेवढं कुणीतरी सांगा.

गच्चीवरचा:
खोक्यावर क्वचितच. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘डिमिंग झोन्स’ असा शब्द शोधा. आकडा दिलेलाच नसेल तर तो मॉनिटर मी तरी यादीतून काढेन.