जर्मनमध्ये फोन नंबर सांगताना अंक सुटे वाचावेत की जोडीने?

नवशिकी_पुणे : मी पुण्यात जर्मनच्या ए-१ परीक्षेची तयारी करत आहे. तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून दिल्यावर नावाचे स्पेलिंग आणि फोन नंबरासारखा एखादा आकडा सांगावा लागतो. आमच्या बाई म्हणतात की जोडीने सांगा, म्हणजे जर्मन माणसासारखे वाटते. माझी मैत्रीण म्हणते की एकेक अंकच सांग. आपल्यापैकी जर्मनीत राहणाऱ्यांचे काय मत आहे?

नेकारकाठ : जोडीनेच सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चौऱ्याहत्तर या शब्दात आपण चार आधी म्हणतो आणि सत्तर नंतर. जर्मन ‘फिअर-उंट-झीप्त्सिश’ नेमका तसाच आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना जे उलटे वाटते, ते आपल्याला पहिलीच्या पाढ्यांपासून पाठ आहे. हे हातचे असलेले बळ सोडून शाळकरी पद्धतीने एकेक अंक मोजण्यात काय अर्थ आहे? इथले सगळे जर्मन जोडीनेच नंबर सांगतात.

टेबलावरची_फाईल : सगळे सांगत नाहीत. मी बारा वर्षे एका कार्यालयात फोन घेण्याचे काम करते, आणि लोक जोडीने, तिघांच्या गटाने, सुटे असे सर्व प्रकारे नंबर सांगतात. प्रश्न कानाचा नसून हाताचा आहे. समजा शेवटचे सहा अंक ७४ ३९ ८६ आहेत आणि समोरचा ‘फिअर-उंट-झीप्त्सिश, नॉइन-उंट-द्रायसिश, झेक्स-उंट-आख्त्सिश’ म्हणाला. कागदावर मी चार लिहून त्याच्या डावीकडे सातासाठी जागा सोडू शकते, आणि कित्येक जर्मन माणसे खरोखर तसेच लिहितात. कीबोर्डवर ती सोय नसते. ऐकता ऐकता टाइप केले की पडद्यावर ४७ ९३ ६८ उमटते, आणि सहाही अंक ‘बरोबर’ असल्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मी स्वतः नंबर सांगताना सुटेच अंक सांगते, आणि कोणी जोडीने सांगितला तरी परत म्हणून दाखवताना एकेक अंक वाचते. तेवढ्यात समोरचा थांबवतो, आणि चूक तिथल्या तिथे सापडते.

दोनसाठी मी ‘त्स्वाय’ऐवजी ‘त्स्वो’ म्हणते, कारण फोनवर ‘त्स्वाय’ आणि तीनसाठीचा ‘द्राय’ यांच्या शेवटचा ‘आय’ तेवढा ऐकू येतो आणि त्याआधीचे सगळे विरून जाते.

व्याकरणप्रेमी : ‘त्स्वो’ हाच मूळ शुद्ध शब्द आहे, त्यामुळे तो सगळीकडे वापरावा. किंमत सांगतानाही ‘त्स्वो ऑयरो’ म्हणावे.

टेबलावरची_फाईल : फोनवर अवश्य वापरावा, पण परीक्षेत किंवा दुकानात सर्रास नको. तो जुना शब्द आहे हे खरे. एके काळी ‘दोन’ची पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी रूपे जर्मनमध्ये वेगळी होती आणि ‘त्स्वो’ हे त्यांतले स्त्रीलिंगी. आज मात्र रोजच्या बोलण्यात ‘त्स्वाय’ हाच शब्द आहे, आणि ‘त्स्वो’ गोंधळ टाळण्यासाठी म्हटला जातो.

कोल्हापूर_ते_कील : नेकारकाठ यांच्या मुद्द्यात एक खाच आहे, ती मला वर्षभर नडली. मराठीत एकक आधी येते हे खरे, पण नऊच्या घरात येत नाही. आपण एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी म्हणतो, म्हणजे पुढच्या दहाचे नाव घेतो. जर्मन माणूस ७९ ला ‘नॉइन-उंट-झीप्त्सिश’ म्हणतो, म्हणजे नऊ आणि सत्तर. इथल्या दुकानांत किमती नेमक्या नऊवर संपतात. २,७९ चे लेबल ‘त्स्वाय ऑयरो नॉइन-उंट-झीप्त्सिश’ असे वाचतात, आणि ‘ऑयरो’ हा शब्द स्वल्पविरामाच्या जागी मध्येच येतो, शेवटी नव्हे. मी ते ऐकून मनात ‘एकोणऐंशी’ असे मराठी करायचो आणि हाताने ८९ लिहायचो. ७९ आणि ८९ यांची अशी अदलाबदल आपल्याकडे मराठीतसुद्धा होते, मग परभाषेत ती दुप्पट होते. नव्व्याण्णव तेवढे सरळ आहे. नऊचे आकडे मराठीत न आणता थेट ऐकण्याची सवय लागेपर्यंत जोडीच्या वाटेला जाऊ नये, असे मी सांगेन.

नेकारकाठ : ही खाच मी लक्षात घेतली नव्हती, आणि ‘सगळे’ हा शब्दही मागे घेतो. तरीही एक म्हणेन : जोडी बोलता आली नाही तरी चालेल, पण ऐकता आलीच पाहिजे, कारण समोरचा कसा सांगेल हे आपल्या हातात नसते. जोडी टाळत राहिलेला विद्यार्थी ती ऐकणार कुठून?

घरभाडे_आणि_मी : फोनवरच्या गोंधळाचा विषय आहे म्हणून तारखेचा माझा अनुभव सांगतो. एका कार्यालयाने फोनवर मला जुलैतली भेटीची वेळ दिली आणि मी ‘युनी’ ऐकून जूनमध्ये जाऊन उभा राहिलो. ‘युनी’ आणि ‘युली’ यांत एका व्यंजनाचाच फरक आहे. नंतर शेजारच्या आजींनी सांगितले की फोनवर काही जण मुद्दाम ‘युनो’ आणि ‘युलाय’ म्हणतात. आता मी महिन्याचा आकडाच विचारतो.

टेबलावरची_फाईल : मूळ प्रश्न फोन नंबराचा आहे, पण हा मुद्दा उपयोगी आहे. १२.७.२००४ ही जन्मतारीख असेल तर ‘आम त्स्व्योल्फ्टन झीप्टन त्स्वायटाउझन्टफिअर’ असे म्हणतात. आकड्यापुढचा टिंब म्हणजे ‘बारावा’, ‘सातवा’. तो विसरून ‘त्स्व्योल्फ झीबन’ म्हटले की तारीख राहत नाही, नुसते दोन आकडे उरतात. एकोणीसपर्यंत ‘टे’ आणि विसापासून ‘स्टे’ लागते, आणि आधी ‘आम’ आले की शेवटी ‘न’ येतो.

व्याकरणप्रेमी : मग २००४ ला ‘त्स्वान्त्सिश फिअर’ का म्हणू नये? १९८९ ला शतकच आधी म्हणतात ना?

टेबलावरची_फाईल : १९८९ हे ‘नॉइनत्सेन-हुंडर्ट-नॉइन-उंट-आख्त्सिश’ आहे, म्हणजे एकोणीस शतके आणि एकोणनव्वद, त्यात ‘हुंडर्ट’ गाळत नाहीत. २००० पासून सरळ ‘त्स्वायटाउझन्ट’. ‘त्स्वान्त्सिश फिअर’ ऐकणारा २०४ टाइप करील. सालाआधी इंग्रजीच्या सवयीने ‘इन’ लावू नये. नुसते साल म्हणावे किंवा ‘इम यार’ म्हणावे. आणि १.९८९ युरो ही किंमत असेल तर टिंब हजाराचा असतो आणि वाचन ‘टाउझन्ट’ने सुरू होते.

कोल्हापूर_ते_कील : नॉर्वेने हा गोंधळ १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने मिटवायचे ठरवले आणि दहा आधी, एकक नंतर असे आकडे शाळेत आणले, त्यामागे टेलिफोनचेच कारण होते. जर्मनीतही ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’ या नावाने तशी मागणी करणारे लोक आहेत.

नेकारकाठ : नॉर्वेत जुनी पद्धत बोलण्यातून अजून गेलेली नाही, हेही सांगा. भाषा बदलण्यापेक्षा नंबर परत म्हणून दाखवणे सोपे आहे.

नवशिकी_पुणे : माझ्या नंबरात तीन ८ लागोपाठ आहेत. आपण ‘ट्रिपल एट’ म्हणतो, तसे जर्मनमध्ये म्हणायचे का?

टेबलावरची_फाईल : ‘ट्रिपल’ नको. ‘आख्ट, आख्ट, आख्ट’ असे तीनदा म्हणा. ‘द्रायमाल दी आख्ट’ असे कोणी म्हणते, पण टाइप करणाऱ्याच्या बोटाने तोपर्यंत ३ दाबलेला असतो. भारतातला दहा अंकी नंबर सांगताना आधी ‘प्लुस नॉइन आइन्स’ म्हणून थोडे थांबा, मग पाच-पाचच्या दोन गटांत सुटे अंक सांगा.

नेकारकाठ : आणि बाईंसमोर तोच नंबर एकदा जोडीनेही म्हणून पाहा. माझे मत तिथे बदललेले नाही.