एका पट्ट्यावर दोन मोटरी, भार मात्र एकीवरच: ड्रूप की मास्टर-फॉलोअर?

कन्व्हेयरवाला: लांब कन्व्हेयर आहे. पुढच्या टोकाला दोन ड्राइव्ह पुली, पट्टा पहिलीवरून दुसरीवर जातो. प्रत्येक पुलीला ७५ किलोवॅट, १४८० आरपीएमची मोटर आणि स्वतःचा ड्राइव्ह. दोन्ही साध्या व्ही/एफ मोडवर, दोन्हींना ५० हर्ट्झ. पट्टा भरला की पहिली ९२ टक्के टॉर्क दाखवते, दुसरी २१. पहिली फार तापते. काय करू?

पानाबारा: स्लिप कॉम्पेन्सेशन, म्हणजे भाराखाली मोटर जेवढी मागे पडते (स्लिप) ते भरून काढणारी सोय, बंद असेल. चालू करा, दोघी नेमक्या एकाच वेगाने फिरतील, मग भार आपोआप वाटला जाईल.

गिअरतेल: आमच्याकडे एकाच पुलीच्या दोन्ही बाजूंना मोटरी आहेत. मास्टर वेगावर, फॉलोअर तिचा टॉर्क घेते. तीन वर्षं काही त्रास नाही. बिनधास्त करा.

ड्राइव्हकर: स्लिप कॉम्पेन्सेशनला हात लावू नका. तुमच्या मोटरींना थोडंफार वाटून घेऊ देतेय ती स्लिपच. आधी गिअरबॉक्सचं गुणोत्तर पाहा आणि दोन्ही पुलींना टेप गुंडाळून घेर मोजा.

कन्व्हेयरवाला: तुमचं उत्तर वाचण्याआधीच चालू करून बसलो होतो. पहिली ओव्हरलोडवर ट्रिप, दुसरीच्या ड्राइव्हवर डीसी बस चढली. आता बंद आहे. गुणोत्तर सारखंच. घेर पहिलीचा १९७९ मिमी, दुसरीचा १९६०. दुसरीचं लॅगिंग, म्हणजे पुलीवरचं अस्तर, झिजलंय.

ड्राइव्हकर: मग सापडलं. पट्टा एकच, म्हणून झिजलेल्या पुलीला जवळपास १ टक्का जास्त फिरावं लागतं. पूर्ण भाराला तुमच्या मोटरची स्लिपच जेमतेम १.३ टक्के. म्हणजे हा एक टक्का टॉर्कमध्ये ७० टक्क्यांचा फरक पाडणार, आणि तोच तुम्हाला दिसतोय. दोन्ही ड्राइव्हमध्ये पूर्ण भाराला ३ टक्के ड्रूप द्या, म्हणजे भार वाढेल तसा ड्राइव्ह वेग थोडा उतरवेल; फरक २२ च्या आसपास येईल. वेग पडेल तेवढा रेफरन्स वर घ्या.

गिअरतेल, तुमच्या मोटरी एकाच शाफ्टवर आहेत, फॉलोअर कुठे पळून जाणार नाही. इथे पट्टा ओला होऊन दुसरी पुली घसरली, तर निव्वळ टॉर्क मोडमधली मोटर वेग वाढवत सुटेल. करायचंच असेल तर फॉलोअरला मास्टरच्या वेगाच्या थोडं वर-खाली अशी मर्यादा हवीच.

कन्व्हेयरवाला: ३ टक्के ड्रूप दिला, रेफरन्स ५०.८ केला. भरलेल्या पट्ट्यावर आता ६७ आणि ४५. पहिली गार आहे. ड्रूप ५ करून आणखी जवळ आणू का?

ड्राइव्हकर: मी नसतं केलं. रिकाम्या आणि भरलेल्या पट्ट्याच्या वेगात तफावत वाढेल. शिवाय दुसरी पुली ढिल्या बाजूला, तिची पकड आधी सुटते. तिच्यावर थोडा कमी भार असलेलाच मला बरा वाटतो.

पानाबारा: स्लिपबद्दल माझं चुकलं. पण पकडीचं पटत नाही. पट्टा ताणून धरणाऱ्या टेक-अपचं वजन वाढवा आणि निम्मं-निम्मं वाटा.

ड्राइव्हकर: वजन वाढवलं की पट्ट्याच्या जोडावर ताण येतो. जोड किती जुना आहे ते कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

कन्व्हेयरवाला: जोड पुढच्या बंदच्या दिवशी उघडून पाहतो. नवीन लॅगिंगही तेव्हाच. घेर पुन्हा मोजून इथेच टाकतो.