मदत हवी आहे: 1011 ने संपणाऱ्या स्ट्रिंगसाठी डीएफए, माझी आकृती कुठे चुकतेय?

ऐरोलीचा_परीक्षार्थी

नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा युनिट टेस्टला प्रश्न आला होता: शून्य आणि एक यांच्या ज्या स्ट्रिंग 1011 ने संपतात, फक्त त्याच स्वीकारणारा डीएफए काढा. मला १० पैकी ४ मिळाले. सरांनी तीन ठिकाणी लाल गोल केलेत, पण कारण लिहिलेलं नाही, आणि विचारायला गेलो तर "पुस्तक बघ" म्हणाले.

मी q0 ते q4 असे पाच गोल एका ओळीत काढले. q0 वरून 1 ने q1, मग 0 ने q2, 1 ने q3, 1 ने q4. q4 ला दुहेरी गोल. q0 वर 0 चा आणि q1 वर 1 चा लूप. q2 वर 0 आला तर q0. q3 वर 0 आला तरी q0, कारण नमुना मोडला. q4 वर 0 आणि 1 दोन्हींचा लूप.

लाल गोल q0 च्या डाव्या बाजूला, q3 च्या 0 वाल्या बाणावर आणि q4 च्या लूपवर आहेत. सोमवारी पुन्हा टेस्ट आहे. प्लीज सांगा.

गोखले_रोड

q4 चा लूप बरोबर आहे की! एकदा 1011 सापडला की काम झालं, पुढे काहीही येऊ दे. आम्हीही असंच काढायचो. सरांनी घाईत तपासलं असणार.

पारसिक_हिल

गोखले_रोड, तुम्ही म्हणताय ती आकृती "1011 ज्यात कुठेही येतो" या प्रश्नाची. इथे "संपतात" असं विचारलंय. 10110 ही स्ट्रिंग 0 ने संपते, पण लूप ठेवला तर तीही स्वीकारली जाईल.

ऐरोलीकर, मी ठाण्यात हा विषय बरीच वर्षं शिकवतेय, आणि दर वर्षी निम्म्या पेपरांत तुझ्याच चुका असतात. सोप्यापासून सुरू करते. q0 च्या डावीकडचा लाल गोल म्हणजे सुरुवातीचा बाण नाही. कुठूनही न निघता q0 मध्ये शिरणारा छोटा बाण काढायलाच हवा. नाव q0 ठेवलं म्हणून ती आपोआप सुरुवातीची स्टेट होत नाही.

आता खरा मुद्दा, q3. तिथे पोचलास तेव्हा शेवटची तीन चिन्हं 101 आहेत. त्यावर 0 आला की शेवट 1010 होतो. नमुना मोडला हे खरं, पण सगळं वाया गेलं का? शेवटचे 10 बघ. ती नव्या 1011 ची सुरुवात असू शकते. म्हणून बाण q0 ला नाही, q2 ला जायला हवा.

तुझी आकृती 101011 वर चालवून बघ. पहिल्या तीन चिन्हांनी q3. मग 0, तू q0 ला गेलास. मग 1 ने q1, पुन्हा 1 ने q1 वरच. स्ट्रिंग संपली आणि तू q1 वर उभा, म्हणजे नाकारली. पण तिचा शेवट 1011 आहे! बाण q2 ला नेलास तर पुढच्या 1 ने q3 आणि त्यापुढच्या 1 ने q4.

प्रत्येक गोलाखाली पेन्सिलीने लिही की इथवर नमुन्याचा किती भाग हातात आलाय: काहीच नाही, 1, 10, 101, 1011. नवं चिन्ह जोड आणि विचार, या नव्या शेवटाचा जास्तीत जास्त लांब कोणता तुकडा नमुन्याची सुरुवात आहे? तिकडे बाण. q4 चे दोन बाण याच रीतीने तू स्वतः काढ. मी सांगणार नाही.

सर्किटवाला

हा तर आमचा सिक्वेन्स डिटेक्टर! मी रबाळ्याला एका युनिटमध्ये बोर्ड टेस्टिंग करतो. कॉलेजात 1011 चाच डिटेक्टर फ्लिप-फ्लॉप लावून बनवला होता. आमच्याकडे चार स्टेटमध्येच झाला होता, पाचवी कशाला? आणि नमुना सापडला की थेट पहिल्या स्टेटला परत जायचं. q4 वरून दोन्ही बाण q0 ला ने, झालं.

पारसिक_हिल

सर्किटवाले, तुमची चार स्टेट बरोबर आहेत, पण ते मीली मशीन. तिथे आउटपुट बाणावर लिहिलेलं असतं. डीएफएमध्ये होकार द्यायला उभं राहायची जागा लागते, म्हणून पाचवा गोल. आणि थेट पहिल्या स्टेटला परत जाणं म्हणजे नॉन-ओव्हरलॅपिंग डिटेक्टर. इथे ते चालणार नाही. 1011011 घ्या. चौथ्या चिन्हाला पहिला 1011 पुरा होतो, आणि त्याचाच शेवटचा 1 पुढच्या 1011 चा पहिला 1 आहे. q0 ला गेलात तर तो हातचा जातो.

सर्किटवाला

हो, ओव्हरलॅपिंगवालाही होता प्रॅक्टिकलला. पण बाण बाणच असतात, आउटपुट कुठे लिहिलं याने इतका फरक पडावा हे मला अजून पटत नाही. असो, मुलाचं काम होऊ दे.

ऐरोलीचा_परीक्षार्थी

मॅडम, ट्रेनमध्ये जर्नलच्या मागच्या पानावर काढलं. घणसोली येईपर्यंत q4 चा 0 जमला: 10110 चा शेवट 10, म्हणून q2. 1 साठी अडलो. 10111 मध्ये शेवटी 111 आहे, नमुना 1 ने सुरू होतो पण 11 ने नाही, म्हणजे फक्त शेवटचा 1 उपयोगाचा. q1 ना? पण दुहेरी गोलातून बाण बाहेर निघालेले चालतात का?

पारसिक_हिल

q1, बरोबर. आणि हो, निघायलाच हवेत. दुहेरी गोल म्हणजे "स्ट्रिंग इथे संपली तर हो", एवढंच. डीएफएमध्ये प्रत्येक गोलातून 0 चा एक आणि 1 चा एक, असे दोनच बाण निघतात. पाच गोल, दहा बाण. देण्याआधी मोज.

मासुंदा_काठी

इतका त्रास कशाला? q0 वर 0 आणि 1 दोन्हींचा लूप, मग 1, 0, 1, 1 ची सरळ साखळी, शेवटी दुहेरी गोल. पाच बाणांत आटोपतं. मी हेच काढतो.

पारसिक_हिल

हा एनएफए आहे आणि एनएफए म्हणून अगदी बरोबर आहे. पण प्रश्न डीएफएचा आहे. तुमच्या q0 वर 1 आला की दोन वाटा फुटतात. सबसेट पद्धतीने त्याचा डीएफए केलात तर पुन्हा पाचच स्टेट मिळतील, आणि बाणही हेच.

ऐरोलीचा_परीक्षार्थी

घरी येऊन ग्राफव्हिझमध्ये टाकलं:

```
digraph {
  rankdir=LR; node [shape=circle];
  s [shape=point]; q4 [shape=doublecircle];
  s -> q0;
  q0 -> q0 [label=0]; q0 -> q1 [label=1];
  q1 -> q2 [label=0]; q1 -> q1 [label=1];
  q2 -> q0 [label=0]; q2 -> q3 [label=1];
  q3 -> q2 [label=0]; q3 -> q4 [label=1];
  q4 -> q2 [label=0]; q4 -> q1 [label=1];
}
```

101011, 1011011 आणि 10111011 तिन्ही q4 वर थांबतात, 10110 q2 वर. कागदावर मात्र q4 चे दोन्ही परतीचे बाण एकमेकांना छेदतात.

पारसिक_हिल

एक वरून कमानीसारखा ने, दुसरा खालून. आणि आकडा बाणाच्या मधोमध लिही, टोकाला लिहिलास तर तो कोणत्या बाणाचा ते कळत नाही.

मासुंदा_काठी

आमच्या सरांनी एनएफएलाही पूर्ण मार्क दिले होते बरं का.

ऐरोलीचा_परीक्षार्थी

आमचे देणार नाहीत. मॅडम, गोलांना q0, q1 ऐवजी थेट 1, 10, 101 अशी नावं दिली तर चालेल? मला त्यानेच कळतंय.

पारसिक_हिल

मी पूर्ण मार्क देते. तुझे सर काय करतील ते मी सांगू शकत नाही. आत q0, q1 लिही आणि ती नावं गोलाखाली राहू दे.