मदत हवी आहे : आरटीएस पद्धतीत रात्री बंद राहणाऱ्या एसीचा हिशोब कसा धरावा?

५०० चौरस मीटरच्या एका ऑफिस मजल्याचा कूलिंग लोड मी रेडियंट टाइम सिरीज पद्धतीने काढत आहे. ५० माणसांची संवेद्य उष्णता प्रत्येकी ७५ वॅट, म्हणजे ३७५० वॅट धरली असून, तिचा ६० टक्के भाग रेडियंट मानून नॉन-सोलर गुणकांनी पुढच्या तासांत वाटला आहे. उरलेले १५०० वॅट त्याच तासाच्या लोडमध्ये जातात. संगणकांसाठी पाटीवरील वॅट न घेता संपूर्ण मजल्याच्या मोजणीतील सर्वोच्च भार घेतला आहे, तो प्रति चौरस मीटर ८ वॅट येतो. त्यात विविधता आपोआप आलेली असल्याने वेगळा डायव्हर्सिटी फॅक्टर लावणे मला दुहेरी सूट वाटते.

खरी अडचण पुढे आहे. ही पद्धत रोज तोच दिनक्रम आणि चोवीस तास स्थिर तापमान गृहीत धरते, त्यामुळे सायंकाळी सहानंतर भिंती व स्लॅबमधून सुटणारी उष्णता ती रात्रीच्या लोडमध्ये दाखवते. प्रत्यक्षात एसी बंद असल्याने त्यातली बरीच उष्णता सकाळपर्यंत आतच साठून राहते. अशा वेळी सकाळचा पुल-डाऊन लोड आपण वेगळा मिळवता, की थेट हीट बॅलन्स पद्धतीकडे वळता? वेगळा मिळवत असल्यास तो कसा काढता, हे कृपया सांगावे.