विषय: शब-ए-कद्र विषम रात्रींतच का शोधतात?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.
कोल्हापुरात बिंदू चौकाजवळ आमच्या शेजारी राहणाऱ्या खाला सव्विसावा रोजा सोडल्यावर रात्रभर जागत आणि त्या रात्रीला सत्ताविसावी म्हणत. रमजानच्या अखेरच्या विषम रात्रींनाच हे महत्त्व का, आणि सव्विसाव्या रोज्याची रात्र सत्ताविसावी कशी, हे कोणी सांगेल का?
– सुनीता, मेलबर्न

सुनीताताई,
हजार महिन्यांहून श्रेष्ठ म्हणून कुराणात सांगितलेली रात्र सत्ताविसावीच आहे, यावर सर्वांचे एकमत आहे. आमच्या गल्लीत त्या रात्री हलवा वाटत आणि कबरस्तानात दिवे लावत, असे मला स्पष्ट आठवते.
– विवेक, लंडन

विवेकराव,
हलवा आणि कबरस्तानातले दिवे ही शब-ए-बरातची आठवण; ती रात्र रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात येते. सत्ताविसावीवर एकमतही नाही. पैगंबरांचे सोबती, म्हणजे सहाबी, उबय बिन काब मात्र ती सत्ताविसावीच असे शपथेवर सांगत. त्यांची खूण अशी, की त्या सकाळी सूर्य किरणांवाचून उगवतो. म्हणजे खूण पटते ती रात्र सरल्यावर.

ताई, इस्लामी तारीख सूर्यास्ताला बदलते, म्हणून सव्विसावा रोजा सुटताच सत्ताविसावी रात्र सुरू होते. विषम रात्रींचा आधार हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदी, हा आहे. पैगंबर ती रात्र नेमकी सांगण्यासाठी बाहेर आले, तेव्हा दोन माणसे भांडत होती आणि ते ज्ञान उचलले गेले. मग त्यांनी नववी, सातवी आणि पाचवी शोधायला सांगितले. दुसऱ्या हदीसमध्ये अबू सईद सांगतात, की पैगंबरांनी स्वप्नात स्वतःला चिखलपाण्यात सजदा करताना पाहिले होते; एकविसाव्या रात्री पाऊस पडून मशिदीचे खजुरीच्या फांद्यांचे छप्पर गळले आणि पहाटे त्यांच्या कपाळाला चिखल लागलेला दिसला. मला हीच हदीस सर्वांत जवळची वाटते, कारण तिच्यात त्या वर्षीची रात्र हाताला लागल्यासारखी वाटते.

खरी गुंतागुंत 'नववी' या शब्दात आहे, कारण एका हदीसमध्ये उरलेल्या रात्री मोजायला सांगितल्या आहेत. महिना एकोणतीस दिवसांचा असेल, तर शेवटून नववी रात्र एकविसावी येते. तीस दिवसांचा असेल, तर ती बाविसावी, म्हणजे सम ठरते. चंद्र दिसेपर्यंत महिना किती दिवसांचा हे कळत नाही, म्हणून एतकाफला, म्हणजे मशिदीत एकांत उपासनेला, बसणारे विषम रात्रींवर भर देऊनही अखेरच्या दहाही रात्री जागतात.
– शकील, मस्कत

शकीलकाका,
आपले आभार. पण आपल्याकडे चंद्र कोल्हापूरच्या एक दिवस आधी दिसला, तर आपली सत्ताविसावी ही तिथली सव्विसावी होईल. मग रात्र नेमकी कोणाची?
– सुनीता

ताई, माझे वडीलही दरवर्षी कोल्हापुरातून फोनवर हेच विचारतात. मी मस्कतच्या चंद्राने चालतो, ते तिथल्या. रात्र जगभर एकच की जागोजागी वेगळी, यावर आलिमांची मते वेगळी आहेत आणि आम्हा बापलेकांचीही.
– शकील