मदत हवी आहे: बँक विलीन झाली, आईच्या सोसायटीचा मेंटेनन्स जाईना

कोपरखैरणेकर
आई नौपाड्यात एकटी राहते. तिचा मेंटेनन्स माझ्या खात्यातून दर ५ तारखेला एनईएफटीने आपोआप जातो, तशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावली आहे. सोसायटीची सहकारी बँक आता दुसऱ्या बँकेत विलीन झाली. सेक्रेटरींनी नवा आयएफएससी कळवला, तो मी पेयीमध्ये बदलला. तरी ५ तारखेला इन्स्ट्रक्शन फेल. मग हाताने पाठवले, तर पैसे वजा झाले, यूटीआर नंबरही आला, पण थोड्या वेळाने रक्कम परत जमा. थकबाकीचे फोन आईला जातात आणि ती धास्तावते. अडतंय कुठे?

वाशीचा_मित्र
काही करू नका. जुना आयएफएससी वर्षभर चालतो.

निवृत्त_कॅशियर
तसा नियम नाही. जुना कोड कधी बंद होणार ती तारीख बँक स्वतः जाहीर करते. सिंडिकेट कॅनरात विलीन झाली १ एप्रिल २०२० ला आणि SYNB चे कोड ३० जून २०२१ पर्यंत चालले. दर वेळी इतकी सवड मिळेलच असं नाही.

कोपरखैरणेकर, तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड दिसतात. बऱ्याच बँकांत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावतानाच पेयीचा तपशील तिच्यात कॉपी होतो. नंतर पेयी बदलला तरी ती जुन्याच कोडवर पाठवत राहते. ती रद्द करून नवी लावा.

हाताने पाठवलेल्याला यूटीआर मिळाला, म्हणजे पैसे तुमच्या बँकेतून निघाले होते आणि समोरच्या बँकेने परत केले. माझ्या मते सोसायटीचा खाते क्रमांकही बदललाय. स्टेटमेंटमध्ये परतीचं कारण बघा. आणि नव्या कोडसोबत जुना क्रमांक पुन्हा वापरू नका. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नावावर नाही. तो क्रमांक नव्या बँकेत दुसऱ्या कुणाचा असला तर रक्कम तिकडे जाईल.

घणसोली_ताई
माझी एसआयपी पण बाउन्स झाली, वर दंड! माझं स्वतःचंच खातं विलीन झालंय. मीही पेयी बदलू का?

निवृत्त_कॅशियर
नाही ताई, तुमचं उलट आहे. तिथे पैसे म्युच्युअल फंडवाले मँडेटवरून ओढतात. मँडेट नव्या खात्याला जोडलंय का, ते शाखेत विचारा. दंड परत करायचा अर्जही तेव्हाच द्या.

कोपरखैरणेकर
कारण 'असे खाते नाही' असं आलंय. खजिनदारांकडून नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला. क्रमांक खरंच वेगळा आहे, पुढे अंक वाढलेत. नवा पेयी जोडताना नावाची पडताळणी केली, सोसायटीचंच नाव आलं. आधी एक रुपया पाठवला, तो पोचल्याचं खजिनदारांनी सांगितल्यावर पूर्ण रक्कम. जुनी इन्स्ट्रक्शन रद्द करून नवी लावली.

व्याजाचं मात्र सेक्रेटरी 'कमिटीत बघू' म्हणतात. कुणाच्या सोसायटीने अशा वेळी व्याज माफ केलंय का? अर्जासोबत परत आलेल्या व्यवहाराचं स्टेटमेंट पुरेल, की बँकेचं पत्र लागेल?